गेमिंग क्लबचे स्वागतभाषण: मसुद्यापासून पहिल्या शुक्रवारपर्यंतच्या नोंदी

सोमवार, १८ ऑगस्ट २०२५

प्रथम वर्षाचे प्रवेश आता बहुतेक पूर्ण झाले असून क्लबच्या स्वागतसभेसाठी गणपती विसर्जनानंतरचा आठवडा ठरला आहे. त्याआधी सभा घेण्यात अर्थ नाही, कारण संध्याकाळी साडेपाचनंतर अर्धे वसतिगृह ढोल-ताशा पथकांच्या सरावाला नदीपात्रात असते आणि उरलेले ते ऐकत अभ्यास होत नाही म्हणून तक्रार करत असते. भाषण क्लबची अध्यक्षा करणार आहे आणि मजकूर लिहिण्याचे काम सचिव या नात्याने माझ्याकडे आले आहे. वेळ सात मिनिटांची मिळाली आहे. तिच्या बोलण्याच्या वेगाने त्यात साधारण आठशे शब्द मावतात.

गेल्या वर्षीचे भाषण काढून वाचले. त्यात क्लबची स्थापना, मिळालेल्या ढाली आणि आठवड्यातील कार्यक्रमांची यादी एवढेच आहे. ते वाचून एखाद्याला क्लबविषयी आदर वाटेल, पण शुक्रवारी खोलीत शिरल्यावर आपण नेमके काय करायचे आहे, हे कळणार नाही. सभेनंतर नव्या मुलांनी विचारलेला प्रश्न मला आठवतो, कारण तो एकानेच नव्हे, अनेकांनी विचारला होता: ‘पहिल्याच सामन्यात हरलो तर मग काय, परत खोलीवर?’ लातूरहून किंवा नाशिकहून नुकत्याच आलेल्या, मोबाइलवर पुष्कळ खेळलेल्या पण कन्सोलचा कंट्रोलर कधीच न धरलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या मनात हाच प्रश्न असतो. त्याचे उत्तर भाषणात नव्हते. यंदा निम्म्याहून अधिक भाषण त्या उत्तरासाठीच खर्च करावे, असे मी अध्यक्षेला सुचवले. तिने ते मान्य केले, मात्र ढालींचा एक परिच्छेद तरी राहू दे, असा आग्रह धरला. तो परिच्छेद किती दिवस टिकतो ते पाहू.

बुधवार, २० ऑगस्ट

आठवड्याचे वेळापत्रक आज पक्के केले. भाषणात ते एका दमात सांगता आले पाहिजे, म्हणून प्रत्येक दिवसासाठी एकच वाक्य ठेवले आहे.

मंगळवारी पटावरचे खेळ असतात. त्यासाठी वीज लागत नाही, नावनोंदणी लागत नाही, आणि कॅरमच्या बोर्डाभोवती ओळखी फार लवकर होतात. बुधवारी टेकन ८ या दोघांच्या लढतीच्या व्हिडिओ गेमचा सराव असतो, ज्यात चारही यंत्रांवर एक जुना आणि एक नवा सदस्य शेजारी बसतात. गुरुवारी काहीही ठेवायचे नाही, कारण पुण्यात विजेच्या दुरुस्तीची कामे बहुधा गुरुवारी निघतात आणि त्या दिवशीचा कार्यक्रम आयत्या वेळी रद्द करणे कोणालाच आवडत नाही. शुक्रवारी साडेपाच ते साडेसात स्पर्धा असते. रविवारी रात्री मोबाइलवर बीजीएमआयची खासगी रूम उघडते. ती आपापल्या जागेवरून खेळायची असल्यामुळे वसतिगृहाच्या फाटकाची वेळ तिला आड येत नाही.

यांपैकी शुक्रवार वगळता सर्व कार्यक्रम ‘या आणि बसा’ इतक्या शब्दांत सांगून संपतात. शुक्रवारचे तसे नाही.

शनिवार, २३ ऑगस्ट

सल्लागार मॅडमनी मसुद्यात पैशांविषयी स्पष्ट वाक्य घालण्यास सांगितले. ऑनलाइन खेळांविषयीचा नवा कायदा याच आठवड्यात संसदेत संमत झाला आणि काल, २२ ऑगस्टला, त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरीही झाली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी आणली आहे, आणि ई-स्पोर्ट्सना मात्र त्यापासून वेगळे ठेवले आहे. आमची शुक्रवारची स्पर्धा एकाच खोलीत, समोरासमोर बसून होते. तिला हा कायदा लागू होतो की नाही, यावर उपाध्यक्षाने बराच खल केला. मॅडमचे म्हणणे असे होते की रविवारचा कार्यक्रम तर ऑनलाइनच आहे, आणि नव्या मुलांच्या पालकांनी आठवडाभर बातम्यांत ‘गेमिंग’ हा शब्द बंदीच्याच संदर्भात ऐकलेला असताना क्लबने संदिग्ध राहणे बरे नव्हे.

म्हणून भाषणात पुढील वाक्य आले आहे: ‘क्लबच्या कोणत्याही कार्यक्रमाला प्रवेश शुल्क नाही, रोख बक्षीस नाही, आणि सदस्यांनी आपसात पैज लावल्याचे दिसले तर तो सामना तिथेच थांबवला जाईल.’ कायद्याचे नाव आणि कलमे भाषणातून वगळली आहेत. सात मिनिटांच्या भाषणात कायदा समजावायला गेले तर ना कायदा समजतो, ना क्लब.

सोमवार, २५ ऑगस्ट

आज मूळ विषयाला हात घातला. आमची शुक्रवारची स्पर्धा बाद पद्धतीने होत नाही, स्विस पद्धतीने होते. बुद्धिबळ खेळणाऱ्यांना हे नाव ठाऊक असते, कारण आपल्याकडच्या खुल्या बुद्धिबळ स्पर्धांच्या बातम्यांत ‘स्विस लीग पद्धतीने फेऱ्या होतील’ हे वाक्य नेहमी असते. ही पद्धत १८९५ मध्ये झुरिकच्या एका बुद्धिबळ स्पर्धेत प्रथम वापरली गेली, आणि तिचे नाव त्यावरूनच पडले. मात्र सभागृहात बुद्धिबळ खेळणारे किती असतील हे सांगता येत नाही, म्हणून भाषणात त्यांच्यावर विसंबायचे नाही.

नव्या सदस्याला दोन्ही पद्धतींतील फरक आकड्यांतून सर्वांत लवकर कळेल, असे वाटते. सोळा खेळाडूंची बाद पद्धतीची स्पर्धा घेतली तर एकूण पंधरा सामने होतात, कारण प्रत्येक सामन्यात एकजण बाहेर पडतो आणि शेवटी एकच उरायचा असतो. त्या सोळांपैकी आठ जण पहिल्याच फेरीत बाहेर जातात. बाहेर जाणारे आठ जण बहुतेक नवखे असतात, म्हणजे ज्यांना खेळण्याची सर्वांत जास्त गरज आहे त्यांनाच सर्वांत कमी खेळायला मिळते. शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला आलेली प्रथम वर्षाची मुलगी पावणेसहाला मोकळी होते आणि पुढच्या शुक्रवारी येत नाही.

स्विस पद्धतीत कोणीही बाहेर जात नाही. सर्व सोळा जण चारही फेऱ्या खेळतात, म्हणजे एकूण बत्तीस सामने होतात. प्रत्येक फेरीनंतर ज्यांचे गुण सारखे आहेत त्यांची एकमेकांशी जोडी लावली जाते. पहिला सामना हरलेल्याची गाठ दुसऱ्या फेरीत पहिला सामना हरलेल्याशीच पडते, त्यामुळे फेरीगणिक आपल्या तोडीचा भिडू मिळत जातो. बरोबरी होत नसेल आणि सगळे शेवटपर्यंत थांबले, तर सोळा जणांत चार फेऱ्यांनंतर एकाचे चार विजय असतात, चौघांचे तीन, सहा जणांचे दोन, चौघांचा एक, आणि एकही विजय न मिळालेला फक्त एक जण असतो. हे शेवटचे वाक्य भाषणात जसेच्या तसे घेतले आहे: ‘सोळा जणांपैकी पंधरा जण किमान एक सामना जिंकून खोलीवर जातात.’ अध्यक्षेला ते अतिशयोक्त वाटले. कागदावर जोड्या मांडून दाखवल्यावर तिने ते ठेवले.

सोळा ही मर्यादा यंत्रांमुळे आली आहे. आमच्याकडे दोन कन्सोल आणि दोन डेस्कटॉप मिळून चार जागा आहेत. टेकनमध्ये एका डावात तीन राउंड आधी जिंकणारा डाव जिंकतो, प्रत्येक राउंडला साठ सेकंदांची मर्यादा असते, आणि आम्ही दोन डाव आधी जिंकणाऱ्याला सामना देतो. सामना बहुधा दहा मिनिटांच्या आत संपतो, तरी आम्ही बारा मिनिटे धरतो. एका फेरीत आठ सामने आणि चार यंत्रे म्हणजे दोन पाळ्या, म्हणजे चोवीस मिनिटे. जोड्या लावायला पाच-सहा मिनिटे धरली की एक फेरी अर्ध्या तासात बसते आणि चार फेऱ्या दोन तासांत.

चोवीस जणांना घेऊन पाहिले तर एका फेरीला तीन पाळ्या लागतात आणि चार फेऱ्यांना पावणेतीन तास जातात. शिवाय विजेता ठरेलच याची खात्री राहत नाही. चोवीसांपैकी पहिल्या फेरीनंतर अपराजित बारा, दुसरीनंतर सहा, तिसरीनंतर तीन. तिघांची जोडी लागत नाही, म्हणून एकाला खालच्या गटातील खेळाडूशी खेळावे लागते, आणि तोही जिंकला तर शेवटी दोन अपराजित उरतात. पाचवी फेरी घ्यायची तर वसतिगृहाच्या जेवणाची वेळ टळते. म्हणून सोळा नावे झाली की यादी बंद, आणि पुढील नावे त्याच्या पुढच्या शुक्रवारी आधी, हे भाषणात स्वच्छ सांगायचे ठरले.

बुधवार, ३ सप्टेंबर

गौरी-गणपतीसाठी बरेच जण गावी गेले आहेत. वसतिगृहात उरलेल्यांना गोळा करून आज भाषणाच्या मधल्या भागाची तालीम घेतली. कल्पना अशी आहे की आकडे ऐकवण्याऐवजी आठ नव्या मुलांना मंचावर बोलवावे, नाणेफेकीने सामने ‘खेळवावे’ आणि तीन फेऱ्या डोळ्यांसमोर घडू द्याव्यात. आठ जणांना तीन फेऱ्या पुरतात, कारण अपराजितांची संख्या आठावरून चार, चारवरून दोन आणि दोनवरून एक होते.

आजच्या तालमीत जे घडले ते इथे तपशिलाने लिहून ठेवतो, कारण भाषणातील उदाहरण यावरच बेतायचे आहे. खेळाडूंना अ, ब, क, ड, इ, फ, ग, ह अशी अक्षरे दिली. पहिल्या फेरीत अ ने ब ला, क ने ड ला, इ ने फ ला आणि ग ने ह ला हरवले. दुसऱ्या फेरीत जिंकलेले जिंकलेल्यांशी खेळले: अ ने क ला आणि इ ने ग ला हरवले. हरलेले हरलेल्यांशी खेळले: ड ने ब ला आणि फ ने ह ला हरवले. आता अ आणि इ यांचे दोन-दोन गुण झाले, क, ग, ड, फ यांचा एक-एक, आणि ब व ह यांचा शून्य.

तिसऱ्या फेरीच्या जोड्या लावताना अडचणीची जागा दिसली. एक गुण असलेल्या चौघांत क आणि ड हे दोघेही आहेत, आणि ते पहिल्या फेरीत एकमेकांशी खेळून झाले आहेत. एकाच स्पर्धेत तीच जोडी पुन्हा लावायची नाही, हा स्विस पद्धतीचा पक्का नियम आहे, म्हणून क ची जोडी फ शी आणि ग ची ड शी लावली. तालमीला बसलेल्या एका मुलाने लगेच विचारले की सोयीप्रमाणे जोड्या बदलता येत असतील तर पक्षपात कसा टळणार. प्रश्न रास्त होता. आयोजकाला मोकळीक फक्त समान गुणांच्या गटात असते आणि तिथेही आधीच्या भिडूची बंदी असते, शिवाय उरलेल्या पर्यायांतून आम्ही चिठ्ठी काढतो, हे त्याला सांगितले. भाषणात यासाठी एक वाक्य घातले आहे, आणि जोड्यांची कार्डे भिंतीवर लावली जातील, असेही जोडले आहे.

शेवटच्या फेरीत अ ने इ ला, क ने फ ला, ड ने ग ला आणि ब ने ह ला हरवले. अंती अ चे तीन गुण, इ, क आणि ड यांचे दोन-दोन, फ, ग आणि ब यांचा एक-एक, आणि ह चा शून्य.

मंचावर हे सगळे दिसावे कसे, हा वेगळा प्रश्न होता. आधी जिंकलेल्यांना उजवीकडे आणि हरलेल्यांना डावीकडे जायला सांगितले, पण दुसऱ्या फेरीनंतर तीन गट झाले आणि कोण कुठे उभे आहे हे प्रेक्षकांना कळेना. मग प्रत्येकाने आपले गुण बोटांनी वर धरायचे, असे केले, आणि मागच्या रांगेतूनही सगळे स्पष्ट दिसू लागले. ह ला मात्र शेवटपर्यंत मूठ धरून उभे राहावे लागते. त्या जागी आम्ही नव्या मुलाला उभे करणार नाही. नाणेफेकीत कोण सतत हरेल हे आधी ठरवता येत नसल्यामुळे अध्यक्षेने सुचवले की हरत गेलेल्या खेळाडूला तिसऱ्या फेरीनंतर तिने स्वतः विचारावे, ‘तू आज किती सामने खेळलास?’ आणि त्याने तीन बोटे वर करावीत. मला ही युक्ती फार आवडली.

गुरुवार, ४ सप्टेंबर

कालच्या निकालावरून उपाध्यक्ष आणि मी आज तासभर भांडलो, आणि त्या भांडणातून भाषणाचा सर्वांत उपयोगी परिच्छेद निघाला.

दोन गुण तिघांचे आहेत, तर दुसरा कोण? आम्ही बुखोल्झ पद्धत वापरतो, म्हणजे तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्या सर्वांच्या अंतिम गुणांची बेरीज करायची. ज्याचे भिडू अधिक यशस्वी, त्याचा मार्ग अधिक कठीण होता असे मानायचे. क चे भिडू ड, अ आणि फ, त्यांचे गुण दोन, तीन आणि एक, बेरीज सहा. इ चे भिडू फ, ग आणि अ, गुण एक, एक आणि तीन, बेरीज पाच. ड चे भिडू क, ब आणि ग, गुण दोन, एक आणि एक, बेरीज चार. म्हणजे क दुसरा, इ तिसरा आणि ड चौथा.

उपाध्यक्षाचा आक्षेप असा की इ शेवटच्या फेरीपर्यंत अपराजित होता, विजेतेपदाचा सामना तोच खेळला, आणि तो तिसरा कसा? बाद स्पर्धेत तोच उपविजेता ठरला असता. माझे म्हणणे असे होते की क आणि इ दोघेही फक्त अ कडूनच हरले. एक दुसऱ्या फेरीत हरला आणि एक तिसऱ्या, हा चिठ्ठीचा भाग झाला. फरक एवढाच की क ने पहिल्या फेरीत ज्या ड ला हरवले, त्या ड ने पुढचे दोन्ही सामने जिंकले, तर इ ने हरवलेल्या दोघांनाही एकेकच विजय मिळाला. या हिशेबात दैवाचा वाटा आहे हे मी नाकारत नाही. तीनच फेऱ्यांच्या स्पर्धेत तो जास्तच असतो. तरीही पर्याय म्हणून पुन्हा सामने खेळवायला वेळ नाही, आणि नाणेफेकीपेक्षा हे बरे.

पण हिशेब करताना दुसरीच गोष्ट लक्षात आली. समजा ड पहिला सामना हरल्यावर कोणालाही न सांगता निघून गेला असता आणि बाकीचे निकाल तसेच लागले असते, तर ड च्या नावावर शून्य गुण राहिले असते, क ची बेरीज सहावरून चारवर आली असती आणि क दुसऱ्यावरून तिसऱ्या क्रमांकावर घसरला असता. म्हणजे मधूनच उठून जाणारा ज्याच्याकडून हरला त्याचेच नुकसान करतो. शिवाय खेळाडूंची संख्या विषम होते आणि प्रत्येक फेरीत कोणाला तरी पुढे चाल द्यावी लागते. आमच्या नियमानुसार पुढे चाल सर्वांत कमी गुण असलेल्याला मिळते आणि एकाला एकदाच मिळते. कागदावर तो विजय असतो, पण खेळायला आलेल्या नवख्याला तेवढा वेळ भिंत बघत बसावे लागते. म्हणून आम्ही पुढे चाल मिळालेल्याशी एका जुन्या सदस्याने हिशेबाबाहेरचा सामना खेळावा, अशी व्यवस्था ठेवली आहे.

भाषणातील परिच्छेद असा झाला: ‘तुम्हाला मध्येच जावे लागले तर जा, प्रॅक्टिकलची वही पूर्ण करायची असेल तर जाच. मात्र टेबलावर बसलेल्या सदस्याला सांगून जा, म्हणजे पुढच्या फेरीच्या जोड्या तुमच्याशिवाय लागतील आणि कोणी बारा मिनिटे तुमची वाट पाहत बसणार नाही. आणि शक्य असेल तर थांबा, कारण तुम्ही ज्याच्याकडून हरलात त्याचा क्रमांक तुमच्या पुढच्या सामन्यांवर ठरतो, आणि तुम्ही ज्याला हरवलेत तो जिंकत राहिला तर तुमचा.’ बुखोल्झ हे नाव भाषणात कुठेही येत नाही. ते भिंतीवरच्या कागदावर असेल.

सोमवार, ८ सप्टेंबर

विसर्जन झाले, वर्ग पुन्हा भरले. आज घड्याळ लावून संपूर्ण वाचन केले तेव्हा भाषण साडेनऊ मिनिटे चालले, त्यामुळे काटछाट करावी लागली.

ढालींचा परिच्छेद अध्यक्षेने स्वतःच काढला. सुरुवातीची बॅडमिंटनची ओळही गेली. इंग्रजांच्या काळात या खेळाला ‘पूना’ म्हणत, हे खरे आहे आणि ऐकायला गंमत वाटते, पण पुण्यातील क्रीडाविषयक कार्यक्रमात कोणीतरी वक्ता ते सांगतोच, आणि आमच्या स्पर्धेशी त्याचा काही संबंध नाही.

कंट्रोलरविषयीचे दोन नियम मात्र ठेवले, कारण ते न सांगितल्यास पहिल्याच शुक्रवारी वाद होतात. पहिला नियम असा की स्वतःचा बिनतारी कंट्रोलर आणणाऱ्याने सामना संपल्यावर त्याची कन्सोलशी असलेली जोडणी तोडल्याशिवाय जागा सोडायची नाही. तो पिशवीत गेल्यावर चुकून मधले बटण दाबले गेले, तर त्या वेळी तिथे खेळणाऱ्या दुसऱ्याच दोघांचा राउंड मधोमध थांबतो. दुसरा नियम असा की राउंड चालू असताना ज्याच्या कंट्रोलरमुळे खेळ थांबेल त्याने तो राउंड गमावला, मग ते मुद्दाम असो वा चुकून. नवख्याला हे कठोर वाटते. पण टेकनमधला सर्वांत वेगवान ठोसा दहा फ्रेममध्ये लागतो आणि सेकंदाला साठ फ्रेम असतात, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या भागात निकाल फिरू शकतो. अशा वेळी थांबलेला खेळ पुन्हा सुरू केल्यावर दोघेही आधीच्या स्थितीत नसतात. याच कारणाने अंतिम फेरीचे सामनेही खेळाडू मॉनिटरकडे पाहूनच खेळतात आणि सभागृहाचा प्रोजेक्टर फक्त प्रेक्षकांसाठी असतो, कारण प्रोजेक्टरवर चित्र उशिरा उमटते आणि खेळाडूला वाटते की आपलाच हात मंद झाला आहे. फ्रेमचा हिशेब भाषणातून काढला. तो बुधवारच्या सरावात दाखवून सांगता येतो.

‘तुम्हाला टेकन येत नसेल तर बुधवारी या’ हे वाक्य आधी शेवटी होते, ते आता शुक्रवारच्या वर्णनाच्या आधी आणले. ऐकणाऱ्याला आधी शिकायला मिळेल हे कळले, तर पुढचे स्पर्धेचे वर्णन तो घाबरून ऐकत नाही.

दुसरे वाचन सात मिनिटे वीस सेकंद.

बुधवार, १० सप्टेंबर

भाषण झाले. सभागृह भरले होते, आणि ध्वनिक्षेपकाचा एक बाजूचा आवाज येत नव्हता तरी बोटे दाखवण्याच्या युक्तीमुळे मंचावरचे सगळे दिसत होते. नाणेफेकीत शेवटपर्यंत हरत गेली ती सोलापूरची एक मुलगी. अध्यक्षेने किती सामने खेळलीस असे विचारताच तिने तीन बोटे वर केली आणि स्वतःहून म्हणाली, ‘पण नाणे तुमचे होते.’ हशा पिकला आणि लिहिलेले पुढचे वाक्य अध्यक्षेने सोडून दिले, ते बरेच झाले.

नंतरच्या प्रश्नांत ‘हरलो तर खोलीवर का’ हा प्रश्न कोणीच विचारला नाही. तीन नवे प्रश्न आले. स्वतःचा कीबोर्ड आणला तर चालेल का, याचे उत्तर डेस्कटॉपवर चालेल, कन्सोलवर नाही. दोन मैत्रिणींना एकमेकींशी खेळायचे नसेल तर जोडी टाळता येईल का, याचे उत्तर पहिल्या फेरीत टाळता येईल, नंतर गुण जिथे नेतील तिथे. तिसरा प्रश्न एका मुलाने थोडा दबकत विचारला: आपण चांगले खेळत असूनही पहिला सामना मुद्दाम हरलो तर पुढे सोपे भिडू मिळतील ना? उपाध्यक्ष हसला, पण ही पळवाट बुद्धिबळातही जुनी आहे, आणि तिचे उत्तर गणितात आहे. पहिला सामना सोडणाऱ्याचे सगळे पुढचे सामने जिंकूनही तीनच गुण होतात, भिडू कमी गुणांचे असल्यामुळे बेरीजही कमी राहते, आणि चार गुणांचा विजेता तर दुसराच कोणी असतो. अध्यक्षेने त्याला एवढेच सांगितले की तसे करून चौथा क्रमांक मिळू शकतो, त्यात समाधान असेल तर कर.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

पहिली स्पर्धा. सोळा नावे सव्वापाचलाच भरली, त्यानंतर आलेल्यांना पुढच्या शुक्रवारच्या यादीत वरची जागा दिली. सोळांपैकी नऊ जण प्रथम वर्षाचे होते.

दुसऱ्या फेरीनंतर एक मुलगा टेबलाशी येऊन म्हणाला की त्याला कात्रजची बस गाठायची आहे. भाषणात सांगितल्याप्रमाणे तो सांगून गेला, त्याचे कार्ड बाजूला काढले आणि तिसऱ्या व चौथ्या फेरीत एकेकाला पुढे चाल द्यावी लागली. दोन्ही वेळी उपाध्यक्ष समोर बसला. तिसऱ्या फेरीत पुढे चाल मिळालेली मुलगी त्याच्याकडून दोन डाव हरली, पण त्या बारा मिनिटांत तिने अडवायचे कसे हे विचारून घेतले आणि चौथ्या फेरीतला सामना जिंकला. स्पर्धा सात वाजून पस्तीस मिनिटांनी संपली. पाच मिनिटे जास्त गेली ती तिसऱ्या फेरीच्या जोड्या लावण्यात, कारण एक गुणाच्या गटात आधीच्या भिडूंची दोन जोडपी एकदम आली आणि चिठ्ठ्या पुन्हा काढाव्या लागल्या.

मसुद्यात पुढच्या वर्षासाठी दोन बदल करून ठेवले आहेत. ‘सोळांपैकी पंधरा जण किमान एक सामना जिंकतात’ या वाक्यापुढे ‘सगळे शेवटपर्यंत थांबले तर’ हे शब्द घातले, कारण आज एक जण गेल्यावर तो आकडा जसाच्या तसा राहिला नाही आणि एका मुलीने तो मोजून दाखवला. आणि मुद्दाम हरण्याच्या प्रश्नाचे उत्तर भाषणाच्या मागे प्रश्नोत्तरांच्या पानावर लिहून जोडले आहे.

पुढच्या शुक्रवारच्या यादीत आत्ताच अकरा नावे आहेत. उरलेल्या पाच जागांची नोंदणी मंगळवारी कॅरमच्या टेबलावर होईल.